आत्या आली की आत्या आल्या?

मी मूळची इंदूरची. घरात मराठी, पण शाळा, मैत्रिणी, बाजार सगळं हिंदीत. लग्न होऊन पुण्यात आले, सासर साताऱ्याचं. माझा नवरा त्याच्या आईला आणि आत्याला सरळ 'तू' म्हणतो. मध्यंतरी त्याची आत्या दारात आली तेव्हा मी आत हाक मारली, 'अरे, आत्या आली, पाणी आण.' तेव्हापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. सासूबाई म्हणतात, मला 'तू' म्हण, पण माझ्या कानाला ते उद्धट वाटतं. ऑफिसात उलटंच. माझ्याच वयाच्या एकीला 'तुम्ही' म्हटलं तर तिने विचारलं, 'रागावलीस का माझ्यावर?' खालच्या मजल्यावरच्या बाईंना काकू म्हटलं तर त्यांचा चेहरा पडला. कुणाला काय म्हणायचं, याला काही नियम आहे का?
– इंदूरची सून, पुणे

तुमचं पत्र तुम्हीच पुन्हा एकदा वाचून पाहा. सासूबाईंसाठी तुम्ही 'म्हणतात' लिहिलंय, आत्यांसाठी 'आली' आणि 'बोलते'. म्हणजे आदरार्थी बहुवचन तुम्हाला येत नाही असं अजिबात नाही. सासूबाईंचं नातं थेट तुमच्याशी जुळलं, तिथे ते न सांगता उमटलं. आत्या मात्र तुम्हाला नवऱ्याच्या तोंडून मिळाल्या आणि तुम्ही त्या त्याच्या क्रियापदासकट उचलल्यात. गोंधळ तेवढाच आहे.

तो 'आत्या आली' म्हणतो, कारण ती त्याच्या वडिलांची बहीण. तिच्या मांडीवर तो वाढलाय. मराठी घरात रक्ताच्या नात्यातल्या बाईला बहुधा 'तू'च म्हणतात: आई तू, आजी तू, आत्या तू, मावशी तू, सख्खी ताईसुद्धा तू. त्यात अनादर कुणालाच ऐकू येत नाही, उलट नातवाने आजीला 'तुम्ही' म्हटलं तर आजी विचारेल, काय बिनसलंय? पण स्वतःच्या लग्नाने जोडलेल्या, सासरच्या वडीलधाऱ्या बाईला बहुधा 'तुम्ही' असतं. आत्या त्याची रक्ताची आणि तुमची लग्नाने आलेली, म्हणून एकाच दारात उभ्या असलेल्या एकाच बाईबद्दल तो 'आली' म्हणणार आणि तुम्ही 'आल्या'.

खरी मेख अशी की 'आत्या' हा शब्द दोन्हीकडे तसाच राहतो. 'आत्या' म्हटलं म्हणजे मान दिला, असं तुम्हाला वाटलं असणार. मराठीत नात्याचा शब्द मान ठरवत नाही, क्रियापद ठरवतं. ऐकणारा वाक्याच्या शेवटापर्यंत कान लावून असतो. आली की आल्या, तिला की त्यांना, तिची पिशवी की त्यांची पिशवी, यातून त्याला कळतं. शिवाय तुम्ही आत्यांशी बोलत नव्हता, त्यांच्याबद्दल बोलत होता. समोरासमोर माणूस सावध असतो, 'या, बसा' तोंडातून नीट येतं. पाठीमागे काय म्हणतात यावरून लोक मनातलं ओळखतात, निदान ओळखल्यासारखं करतात. म्हणून तुमचं ते अर्धं वाक्य आत्यांना जास्त लागलं.

यावर माफीबिफीचा समारंभ करू नका. त्याने गोष्ट वाढते आणि आत्यांनाही 'छे गं, मला कुठे काय' असं खोटं बोलावं लागतं. पुढच्या भेटीत त्यांच्या कानावर पडेल असं दोनदा 'आत्यांना वाढा आधी', 'आत्या बसल्यात बाहेर' म्हणा. तुमच्या नवऱ्याने मध्ये पडून 'तिला हिंदीची सवय आहे' वगैरे वकिली केली नाही तर उत्तम.

हा फरक किती बारीक ऐकला जातो याचा एक नमुना सांगते. नव्याने लग्न झालेली मुलगी फोनवर मैत्रिणीला म्हणते, 'आई म्हणाली, दिवाळीला लवकर ये.' मैत्रीण समजते, माहेरची आई. तीच म्हणते, 'आई म्हणाल्या, दिवाळी इथेच करू.' मैत्रीण समजते, सासूबाई. दोन्ही वाक्यांत 'आई'च आहे. 'माझी आई' आणि 'आमच्या आई' यांतही तेच. वडिलांच्या बाबतीत ही सोय नाही, कारण 'वडील' हा शब्दच बहुवचनात चालतो. 'माझा वडील आला' असं मराठीत कुणी म्हणत नाही. 'बाबा'चं मात्र घरोघर वेगळं. मागच्या पिढीत सर्रास 'अहो बाबा' आणि 'अगं आई' एकाच घरात असायचं, म्हणजे बापाला तुम्ही आणि आईला तू. आता 'ए बाबा, चल ना' ऐकू येतं आणि बाबांनाही ते आवडतं. काका-मामांचंही तसंच: सख्ख्या मामाला भाचा 'तू' म्हणेल, पण मावशीच्या यजमानांना 'तुम्ही'च. पुरुषांच्या बाबतीत वयातलं अंतर जास्त मोजलं जातं, एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

सासरी साताऱ्याकडे गेलात की जुन्या बायकांच्या तोंडी आणखी वेगळे शब्द ऐकाल. सासऱ्यांना 'मामंजी', सासूला 'आत्याबाई', नणंदेला 'वन्सं'. हे ऐकून गोंधळू नका. मराठी समाजातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी आत्याच्या मुलाचं लग्न व्हायचं, काही ठिकाणी अजूनही होतं. अशा लग्नात मुलीची सासू म्हणजे तिच्या वडिलांची बहीण, खरोखरची आत्या. आणि आत्याचे यजमान गावाकडे 'मामा'. नातं जुळलेलं नसलं तरी हाक तीच राहिली. तुम्ही ते शब्द वापरायलाच हवेत असं नाही. आता बहुतेक घरांत 'आई', 'बाबा', 'ताई', 'दादा' चालतं. पण एखादी चुलत सासू 'आत्याबाईंना विचार' म्हणाली तर तुमच्या नवऱ्याच्या आत्यांना शोधत जाऊ नका, ती तुमच्या सासूबाईंबद्दल बोलत असेल. आणि त्या चुलत सासूला पुण्यात 'काकू' म्हणतील, पण त्या भागातल्या बऱ्याच घरांत 'काकी' म्हणतात. घरातलं माणूस जे म्हणतं तो शब्द घ्यायचा, क्रियापद मात्र आपलं ठेवायचं.

'बाई'बद्दल एक शब्द, कारण हिंदी मुलखातून आलेल्या मुली 'सासूबाई' म्हणताना अडखळतात, असं पाहिलंय. तिकडे 'बाई' म्हटलं की घरकाम करणारी डोळ्यासमोर येते. पुण्यामुंबईच्या बोलण्यातही 'आमची बाई आज आली नाही' असतंच. पण नावामागे किंवा नात्यामागे लागलेली 'बाई' मानाचीच. तुमच्या इंदूरच्या अहिल्याबाईंच्या नावात आहे तीच ती. शाळेतल्या शिक्षिकेलाही आमच्या पिढीने 'बाई'च म्हटलं, आणि 'बाई, तुम्ही' असंच.

आता सासूबाईंचं 'मला तू म्हण'. तुम्हीवरून तूवर यायचं ते मोठ्या माणसाने बोलावल्यावर, आणि त्यांनी बोलावलंय. तेव्हा जायला हरकत नाही. पण हे आमंत्रण पाहुण्यांसमोर दिलेलं आहे की दोघीच असताना, ते पाहा. चारचौघांत 'अगं मला तू म्हणत जा, मी काही जुन्या वळणाची नाही' हे कधी कधी चारचौघांसाठीच असतं. स्वयंपाकघरात दोघीच असताना त्या पुन्हा म्हणाल्या, किंवा तुमच्या 'तुम्ही'वर हसून चिडवायला लागल्या, की ते खरं धरा. नाही जमत असं वाटलं तर 'अहो आई' म्हणत राहा. सुनेच्या तोंडी 'अहो आई' इतकं रुळलेलं आहे की त्यात परकेपणा कुणाला वाटत नाही. मला स्वतःला तर घाईने लावलेल्या 'तू'पेक्षा ते गोड वाटतं.

बदलायचं ठरवलंत तर मात्र सगळं एकदम बदला. इंदूरच्या हिंदीत 'आप बैठो' बिनदिक्कत चालतं: सर्वनाम मानाचं, क्रियापद सलगीचं. मराठीत ही तडजोड नाही. 'आई, तुम्ही बस' हे वाक्यच होत नाही आणि 'ए आई, तुम्ही बसा' ऐकून घरातली पोरं हसतील. हाक, सर्वनाम, क्रियापद अशी तिन्ही एका रांगेत लागतात: 'अहो आई, तुम्ही बसा' किंवा 'अगं आई, तू बस'. हाकेतही 'अहो' बाई-पुरुष दोघांना चालतं. 'तू'वर आलात की मात्र बाईला 'अगं' आणि पुरुषाला 'अरे' असे दोन रस्ते फुटतात. हल्ली कॉलेजातल्या मुली एकमेकींना 'अरे ऐक ना' म्हणतात, ते आपसांत खपतं. सासूबाईंना 'अरे आई' म्हणू नका.

मधल्या काळासाठी, म्हणजे तू की तुम्ही हे पक्कं ठरेपर्यंत, मराठीने एक पळवाट ठेवलेली आहे आणि आम्ही सगळे ती वापरतो. 'येणार', 'घेणार', 'जाणार' ही रूपं तू आणि तुम्ही दोन्हींना सारखीच असतात. 'चहा घेणार का?' यात ना तू, ना तुम्ही. पुढे 'आहेस' किंवा 'आहात' जोडलं नाही की झालं. तसंच 'निघायचं का?', 'पोळी वाढू?', 'साखर चालेल का?', 'पाठीला उशी हवी का?' अख्खी संध्याकाळ असं बोलून काढता येते. नवी सून, नवा जावई, शेजारी नव्याने राहायला आलेलं जोडपं, सगळे पहिले काही आठवडे अशाच वाक्यांवर तरतात. मात्र भूतकाळ आला की पळवाट बंद होते. 'औषध घेतलं का?' इथपर्यंत निभावतं, पण 'कधी आलीस?' की 'कधी आलात?' इथे निवड करावीच लागते.

ऑफिसातल्या त्या मुलीने रागाचा संशय का घेतला? तुम्ही हिंदीच्या तीन पायऱ्यांचं माप इथल्या दोन पायऱ्यांना लावताय, म्हणून. हिंदीत आप, तुम, तू. तिथे 'तू' अगदी जिवलगाला नाहीतर भांडणात, आणि बरोबरीच्या माणसाला 'तुम'. तुमच्या मनात 'तुम' म्हणजे 'तुम्ही' अशी जोडी लागलेली दिसते, कारण ऐकायला ते जुळतात. पण रोजच्या वापरात मराठी 'तुम्ही' हिंदीतल्या 'आप'च्या जागी बसतं, आणि 'तुम' व 'तू' या दोघांचं काम मराठीत एकटं 'तू' करतं. त्यामुळे बरोबरीच्या, रोज शेजारी बसून डबा खाणाऱ्या मुलीला 'तुम्ही' म्हणजे तुम्ही तिला एकदम लांब ढकललंत. आपल्याकडे भांडण झालेल्या मैत्रिणी असंच करतात: कालपर्यंत 'अगं ए', आज 'तुम्ही सांगाल तसं'. म्हणून तिने विचारलं.

तेव्हा बरोबरीच्यांना पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून 'तू' म्हणायला हरकत नाही. पाचसात वर्षांनी मोठ्या सहकाऱ्याला सुरुवातीला 'तुम्ही', मग तो किंवा ती म्हणेल तसं. पुण्यातल्या आयटी कंपन्यांत पंधरा वर्षांनी मोठ्या मॅनेजरला नावाने आणि 'तू' म्हणतात, हे ऐकून सरकारी कचेरीतल्या माणसाला घेरी येईल, कारण तिथे साहेब आणि मॅडम याखाली काही नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. तुमची कंपनी कुठल्या जातीची आहे ते जेवणाच्या टेबलावर पंधरा मिनिटं ऐकलंत तरी कळेल.

'आप'साठी 'आपण' वापरायचा मोह होईल, तो टाळा. 'आपण' निमंत्रणपत्रिकेत, भाषणात, अनोळखी फोनवर 'आपण कोण बोलताय?' असं शोभतं. घरात तेच टोमणा होतं. सकाळी नऊला उठलेल्या मुलाला आई विचारते, 'उठलात का आपण?' शिवाय 'आपण' म्हणजे आपण सगळेही. 'आपण जेवू या' आणि 'आपण जेवलात का?' यांत कुणाचं जेवण ते क्रियापदच सांगतं. तसंच 'काकाजी', 'ताईजी' नको. वऱ्हाडात 'हो जी' कानावर येईल, तो तिथला ढंग आहे, पण पुण्या-साताऱ्यात नुसतं 'काका' म्हटलं की मान पोचतो. मोठ्या पुरुषाला नावाने हाक मारायची वेळ आली तर 'राव' जोडा. जावयाला सासरचे तसंच म्हणतात. अर्थात 'काय राव!' हा निराळाच राव. तो मित्रांना, आणि तोही तू-च्या राज्यात.

राहिल्या खालच्या मजल्यावरच्या बाई. इथे व्याकरण तुमच्या बाजूने आहे, वय नाही. 'काकू' म्हणणं म्हणजे 'तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या' असं सांगणं. पंचेचाळिशीच्या बाईला तिशीच्या बाईने ते सांगितलं तर चेहरा पडणारच. अनोळखी बाईला 'ताई' म्हणावं. पंचविशीपासून साठीपर्यंत कुणी रागावत नाही. पुरुषाला तसंच 'दादा', आणि विदर्भात किंवा खानदेशात असाल तर 'भाऊ'. केस पूर्ण पांढरे दिसल्याशिवाय काका-काकूंकडे वळू नका. ओळख झाली की आडनाव जोडून 'कुलकर्णी ताई' म्हणता येतं. त्यांना 'मावशी' मात्र म्हणू नका. याचं कारण जरा अवघड आहे, पण सांगायला हवं. सख्खी मावशी सोडली तर शहरातल्या मराठीत 'मावशी' ही हाक भाजीवालीला, धुणंभांड्याला येणाऱ्या बाईला, दवाखान्यातल्या आयाला मारली जाते, आणि 'काकू' सोसायटीतल्या बाईला. दोघी एकाच वयाच्या असतात. हा भेद शब्दकोशात सापडणार नाही, पण तो ऐकणाऱ्या दोघींनाही नेमका कळतो.

आणि तिथे क्रियापदाचीही गंमत उलटी होते, म्हणजे गंमत नाहीच. 'मावशी, उद्या लवकर ये गं' असं साठीच्या बाईला वीस वर्षांची मुलगी म्हणते आणि आपण मावशी म्हटलं म्हणजे किती आपुलकीने वागवलं, असं समजते. मघाशी आजीला 'तू' चालतं म्हटलं, ते आजीने नातवाला मांडीवर घेतलेलं असतं म्हणून. इथे मांडी नाही, पगार आहे. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई तुमच्याहून मोठ्या असतील तर 'मावशी, उद्या लवकर याल का?' असं म्हणा. मी या पत्रात तुम्हाला 'तुम्ही' म्हणते आहे, वयाने तुमच्या आईएवढी असूनही, कारण आपली ओळख नाही. त्यांच्या बाबतीतही तोच हिशेब लावा. तुमच्या सासरी कुणी यावर नाक मुरडलं तर मुरडू द्या. त्या मावशींनी तुम्हाला 'अगं' म्हटलं तर ते चालवून घ्या, वयाचा तेवढा हक्क त्यांना आहे.

नवऱ्याला 'अरे' म्हणण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण आत्यांच्या कानावर तोही शब्द गेला असणार. ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. आता अर्ध्याअधिक तरुण घरांत नाव आणि 'अरे'च असतं. मोठ्यांसमोर खटकतंय असं दिसलं तर त्याच्याबद्दल बोलताना 'तो'ऐवजी 'हे' म्हणायची जुनी सोय आहे: 'हे आलेत का?' ती वापरायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मात्र वापरलीत तर फक्त आत्यांपुरती वापरू नका. त्या निघून गेल्यावर जिन्यातून त्यांना 'तो' ऐकू गेलं तर पुन्हा दोन आठवडे जेवढ्यास तेवढं.